‘त्यामुळे’ कुणाचं? एका पीएच.डी. प्रबंधाच्या मुद्रितशोधनाचं प्रकरण

फोनवर बाईंनी सांगितलं होतं, “सर, लिहून सगळं झालंय. फक्त शुद्धलेखन बघायचंय.” प्रबंधाच्या कामांत हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकतो. त्यातला ‘फक्त’ कुठवर ताणला जाईल ते फाइल उघडल्यावरच कळतं.

बाई मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत शिकवतात. नोकरी आणि घर सांभाळून सहा वर्षं समाजशास्त्रातला प्रबंध लिहीत होत्या, मराठीतून. विषय होता ऊसतोड कामगारांच्या स्थलांतराचा त्यांच्या मुलींच्या शाळेवर होणारा परिणाम. कोयता, हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे उचल, ती देऊन टोळी जमवणारा मुकादम, हंगामी वसतिगृह हे सगळं त्यांनी आसपास पाहिलेलं. दिवाळीच्या सुमारास वर्गातली अर्धी बाकं रिकामी होताना दर वर्षी बघणारी बाई, त्यामुळे विषय कुठून उसना आणलेला नव्हता. बाईंच्या संमतीने हे प्रकरण लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि सारणीतले आकडे बदलले आहेत, पण आकड्यांचं आपसातलं नातं होतं तसंच ठेवलं आहे.

फाइल २८६ पानांची, सहा प्रकरणांची. जमा करायला पाच आठवडे उरले होते.

काम ठरवताना

मी आधी एका प्रकरणाची दहा पानं मागून घेतो आणि ती तपासून परत पाठवतो. त्यातून दर ठरतो आणि काम नेमकं कोणतं हेही ठरतं. मुद्रितशोधन म्हणजे ऱ्हस्वदीर्घ, अनुस्वार, शब्दयोगी अव्ययं जोडून लिहिणं, विरामचिन्हं, सारण्यांचे क्रमांक, एकाच नावाची तीन रूपं एक करणं. भाषिक संपादन त्याच्या एक पायरी पुढचं. वाक्य अडखळत असेल तर सुटं करायचं, एकच क्रियापद चार वेळा आलं असेल तर दाखवायचं. त्याच्याही पुढचं, म्हणजे मुद्द्यांचा क्रम, युक्तिवाद, विश्लेषण, हे पुस्तकाच्या संपादकाचं काम असतं. प्रबंधात ते विद्यार्थ्याचं आणि त्याच्या मार्गदर्शकाचं.

पुस्तकात संपादकाने एखादं प्रकरण नव्याने बांधलं तरी वाचक फसत नाही, कारण पुस्तकाने लेखकाची परीक्षा घेतलेली नसते. प्रबंध ही परीक्षाच असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनुसार, हे लेखन मी स्वतः तयार केलं आहे आणि ते मूळ आहे, असं लेखी हमीपत्र विद्यार्थ्याला द्यावं लागतं. मार्गदर्शकालाही त्याच्या अखत्यारीतल्या कामात चोरी नसल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. मी पानंच्या पानं लिहून दिली, तर खोट्या कागदावर सही त्या दोघांची पडते, माझी कुठेच नसते. माझ्या धंद्याची ही सोय मला नेहमी खटकत आली आहे.

म्हणून बाईंना दोन गोष्टी सांगितल्या. मार्गदर्शकांना कळवा की बाहेरून भाषा तपासून घेत आहात, आणि त्यांचा होकार लेखी मागवा. ऑस्ट्रेलियातल्या संपादकांच्या संघटनेने प्रबंधांसाठी केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आणि कॅनडातल्या संघटनेच्या सूचनांमध्येही मार्गदर्शकाला अंधारात ठेवू नये यावर भर आहे. आपल्याकडे अशी प्रथा नाही, म्हणून बाई जरा संकोचल्या. “सरांना वाटेल मला मराठी येत नाही.” शेवटी त्यांनी व्हॉट्सॲपवर विचारलं. उत्तर एका ओळीचं आलं: “भाषा तपासून घ्या, आशयाला हात लागता कामा नये.” ती ओळ मी जपून ठेवली. पुढे दोनदा कामाला आली.

दुसरी अट अशी की दुरुस्त्या ट्रॅक चेंजेस चालू ठेवूनच होतील आणि स्वच्छ फाइल मी देणार नाही. प्रत्येक बदल त्यांनी बघून स्वीकारायचा किंवा नाकारायचा. ‘ॲक्सेप्ट ऑल’चं बटण एका झटक्यात सगळं स्वीकारतं हे मला माहीत आहे, त्यामुळे ही अट पाळली गेली की नाही ते मी ओळखू शकत नाही. एक युक्ती आहे. प्रत्येक प्रकरणात दोन-तीन ठिकाणी मी दुरुस्ती न करता टीपेत प्रश्न विचारून ठेवतो. फाइल परत आली आणि प्रश्न तसेच असले तर समजावं की कुणी वाचलेलं नाही.

एक परिच्छेद

पहिली तीन प्रकरणं सरळ गेली. गाडी अडकली चौथ्यात, म्हणजे माहितीच्या विश्लेषणात. तिथला एक परिच्छेद जसाच्या तसा देतो:

“सारणी क्र. ४.७ वरून असे दिसून येते की १२० पैकी ७८ कुटुंबातील मुली स्थलांतरानंतर शाळेत गेल्या नाहीत व ६८% पालकांचे शिक्षण प्राथमिक पेक्षा कमी असल्याचे दिसून येते त्यामुळे मुलींच्या शिक्षणावर परीणाम होतो हे सिद्ध होते.”

यात काही चुका अशा आहेत की त्यांचं बरोबर रूप एकच असतं. ‘परीणाम’चं ‘परिणाम’ करायचं. ‘प्राथमिक पेक्षा’ जोडून लिहायचं. कुटुंबं १२० आहेत, म्हणून ‘कुटुंबातील’वर अनुस्वार हवा, ‘कुटुंबांतील’. ‘दिसून येते’च्या पुढे पूर्णविराम हवा. हे सगळं मी न विचारता केलं. दुसऱ्या कुठल्याही मुद्रितशोधकाने नेमकं हेच केलं असतं, आणि त्यातून बाईंच्या समाजशास्त्राबद्दल परीक्षकाला काहीच वेगळं कळलं नसतं.

मग आला ‘त्यामुळे’.

कशामुळे? वाक्यात दोन गोष्टी आहेत, मुलींचं शाळेत न जाणं आणि पालकांचं कमी शिक्षण. ‘त्यामुळे’ यांपैकी कुणाकडे बोट दाखवतो? आणि ‘परिणाम होतो’ म्हणजे नेमकं काय होतं? गुळगुळीत करायचं तर हात शिवशिवत होते. “पालकांच्या अल्पशिक्षणामुळे स्थलांतराच्या काळात मुलींचे शाळेत जाणे थांबते” असं लिहिलं की वाक्य चालू लागतं, कानाला बरं वाटतं, आणि बाईही म्हणाल्या असत्या की हो, हेच म्हणायचं होतं. पूर्वी मी असं केलेलं आहे. त्याला ‘ओघ आणणं’ म्हणायचो.

इथे थांबलो, कारण हे वाक्य दोन तऱ्हांनी दुरुस्त होऊ शकत होतं आणि दोन्ही व्याकरणाने शुद्ध होती. ज्या दुरुस्तीची उत्तरं एकाहून जास्त असतात, ती निवड लेखकाची. मी प्रबंधात माझा हात इथे थांबवतो. लांबी किंवा लाल रेघांची संख्या यावरून हद्द ठरवता येत नाही. एका पानावर पन्नास अनुस्वार बदलले तरी तुम्ही हद्दीच्या आतच असता, आणि एक ‘त्यामुळे’ बदलला की बाहेर पडलेले असता.

टीपेत इतकंच लिहिलं: “‘त्यामुळे’ म्हणजे कशामुळे? स्थलांतरामुळे की पालकांच्या शिक्षणामुळे? सारणीत या दोघांचा एकमेकांशी संबंध दाखवला आहे का? ‘सिद्ध होते’ इतकं ठाम म्हणायचं आहे का?”

बाईंचा रात्री फोन आला, जरा वैतागूनच. “सर, तुम्हीच लिहा ना चांगलं. मला एवढं सुचत नाही.” मी म्हटलं, सुचण्याचा प्रश्न नाही, तुमच्या वहीत काय आहे त्याचा आहे. त्यांनी मुलाखतीच्या अनुसूची पुन्हा काढल्या आणि दोन गोष्टी एकमेकींसमोर मांडल्या, जे आधी केलंच नव्हतं. पालकांचं शिक्षण प्राथमिकपेक्षा कमी असलेली कुटुंबं ८१ होती. त्यांपैकी ५५ कुटुंबांतल्या मुली शाळेत गेल्या नव्हत्या, म्हणजे सुमारे ६८ टक्के. उरलेल्या ३९ कुटुंबांपैकी २३ मध्ये तसंच घडलं होतं, म्हणजे ५९ टक्के. फरक आहे, पण एवढ्या छोट्या नमुन्यात तो योगायोगानेही पडू शकतो. तसं आहे का ते बघायला त्यांच्या मार्गदर्शकांनी काय-वर्ग ही संख्याशास्त्रीय चाचणी करायला लावली. किंमत १ च्याही खाली आली, आणि ५ टक्के पातळीवर सार्थ ठरायला ती ३.८४ च्या पुढे जावी लागते.

म्हणजे माझं ते सुंदर वाक्य निराधार होतं. मी त्यांच्या प्रबंधात नसलेला निष्कर्ष घातला असता, तोही शुद्धलेखनाच्या नावाखाली. बाईंनी शेवटी लिहिलं ते असं: “१२० पैकी ७८ कुटुंबांतील मुली स्थलांतराच्या काळात शाळेत गेल्या नाहीत. पालकांचे शिक्षण कमी असलेल्या कुटुंबांत हे प्रमाण थोडे जास्त आहे, परंतु हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थ नाही. म्हणजे थोडेफार शिकलेले पालकही स्थलांतरात मुलीला शाळेत ठेवू शकलेले नाहीत.” शेवटचं वाक्य ‘म्हणजे’ने सुरू होतं, बोलल्यासारखं. मला ते प्रबंधाच्या भाषेत बसत नाही असं वाटलं होतं, तरी राहू दिलं. अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात चांगलं वाक्य ते आहे.

याच परिच्छेदात आणखी एक खोच होती. मजकुरात ७८ लिहिलं होतं आणि सारणीत ८७. सारणीत शेजारी टक्केवारीही होती, ७२.५. ८७ भागिले १२० करून पाहिलं तर ७२.५ च येतं. सारणी स्वतःशी जुळत होती, मजकूर एकटा पडला होता. कुणीही म्हणालं असतं की मजकुरात आकडे उलटे पडलेत, करून टाका ८७. मी फक्त विचारलं. निघालं उलटंच. मूळ तक्त्यात ७८ होते, टंकलेखकाने सारणी करताना ८७ केले आणि टक्केवारी त्याच चुकीच्या आकड्यावरून काढली. दोन साक्षीदार एकमेकांशी जुळले तरी दोघांनी एकाच ठिकाणी ऐकलेलं असू शकतं. तेव्हापासून आकडा कितीही उघड चुकलेला दिसला तरी प्रबंधात मी तो स्वतः बदलत नाही.

मराठीत तर एका टिंबातही माहिती असते. पाचव्या प्रकरणात “मुलाखतीत मुकादमांनी सांगितले” असं वाक्य होतं. एक मुलाखत की अनेक? अनेक असतील तर ‘मुलाखतींत’. शिवाय ‘मुकादमांनी’ हे आदरार्थी एकवचन की खरंच अनेकवचन? तो अनुस्वार टाकताना मी नमुन्याचा आकार ठरवत होतो. विचारलं तेव्हा कळलं की मुकादम एकच भेटले होते. मग ते वाक्य बाईंनीच आवरलं.

न सुधारायचं मराठी

या प्रबंधात २४ बायकांच्या सविस्तर मुलाखती होत्या, आणि त्यांची बोलणी अवतरणात दिलेली. “आमी कारखान्याला जातो तवा पोरगी संगं न्यावी लागती” अशी. काही पानांनंतर मात्र दुसरी बाई म्हणत होती, “आम्ही कारखान्यावर जातो तेव्हा मुलीला सोबत घेऊन जावे लागते.” पाथर्डीकडची, कधी शाळेत न गेलेली बाई असं बोलेल?

अशा ठिकाणी मुद्रितशोधकाचे दोन्ही हात चुकतात. पहिलं वाक्य ‘शुद्ध’ करायचं नाही, कारण अवतरण ही संशोधनातली कच्ची सामग्री आहे, तिथे ‘तवा’चं ‘तेव्हा’ करणं म्हणजे रक्ताच्या नमुन्यात पाणी घालणं. आणि दुसरं वाक्य पहिल्यासारखं दिसावं म्हणून त्याला बोलीचा रंग देणं हे तर त्याहून वाईट, कारण तो साक्षात बनाव झाला. दुसरा मोह जास्त असतो. एकसारखेपणा आणणं हा आमच्या हाताला लागलेला चाळा आहे.

झालं होतं असं की निम्म्या मुलाखती बाईंनी स्वतः उतरवल्या होत्या आणि निम्म्या टंकलेखन केंद्रातल्या मुलाने ध्वनिमुद्रणावरून. त्याने मराठी ‘सुधारून’ टाकलं होतं, चांगल्या हेतूने. मी त्या अकरा अवतरणांना पिवळा रंग दिला आणि ध्वनिमुद्रण ऐकून पुन्हा उतरवायला सांगितलं. आठ ध्वनिमुद्रणं सापडली, तीन फोनबरोबर गेली होती. त्या तिघींची अवतरणचिन्हं काढून बाईंनी त्यांचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडलं. ही दुरुस्तीही त्यांनीच केली.

टक्केवारी

तिसऱ्या आठवड्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयातून साम्याचा अहवाल आला, म्हणजे किती मजकूर दुसऱ्यांच्या लेखनाशी जुळतो त्याचा: २३ टक्के. २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून पुन्हा सादर करावं लागतं. त्याच्या वरच्या पातळ्यांवर वर्षभर सादर करायला बंदी, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. बाई घाबरल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की अमुक ठिकाणी पानामागे पैसे घेऊन दहाच्या आत आणून देतात. “तुम्ही नुसते शब्द बदलून द्या ना सर. अर्थ तोच ठेवा.”

ही विनंती ऐकायला संपादनासारखी वाटते. पण साम्य शोधणाऱ्या यंत्राला चुकवायला शब्द बदलणं हे त्याच्या नेमकं उलट आहे. संपादक शब्द बदलतो तो अर्थ नीट पोचावा म्हणून, इथे बदलायचा तो उगम लपावा म्हणून. असं करून आलेला एक प्रबंध मी वाचला आहे. त्यात साखर कारखान्याचा ‘शर्करा उद्योगगृह’ झाला होता आणि ऊसतोड कामगार ‘इक्षुकर्तक श्रमिक’. तो बिचारा मुलगा मौखिक परीक्षेत स्वतःचाच शब्द वाचताना अडखळला असेल.

नकार देऊन सोडलं असतं तर मी सोवळा राहिलो असतो, पण बाई त्या दुकानात गेल्या असत्या. म्हणून अहवाल घेऊन दोघं फोनवर बसलो. रंगवलेला मजकूर तीन तऱ्हांचा निघाला. बराचसा भाग संदर्भसूची, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि अनुक्रमणिका यांचा होता. विनियमांप्रमाणे ही मोजणीतून वगळायची असतात, पण अहवाल काढताना वगळली गेली नव्हती. ग्रंथालयातून तो नव्याने काढून घेतला तेव्हा आकडा १४ वर आला. दुसरी तऱ्हा म्हणजे कायद्यांची आणि योजनांची लांबलचक नावं, त्यांना इलाज नाही आणि दोषही नाही.

तिसरी तऱ्हा खरी होती. पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात, दुसऱ्या प्रकरणात, सलग दीड पान दुसऱ्या एका प्रबंधातून आलेलं होतं. खरं सांगायचं तर मला ते आधीच लक्षात यायला हवं होतं. खुणा होत्या. बाईंच्या वाक्यांत ‘व’ आणि ‘त्यामुळे’ची रेलचेल, आणि त्या दीड पानात मात्र एकदम ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘महत्त्वाचे कारण होय’. तिथल्या स्वल्पविरामांआधी एक-एक जागा सोडलेली, जी बाकी कुठेच नव्हती. मी त्या जागा इमानाने पुसत गेलो होतो. चोरीच्या मालावरची धूळ झटकून दिली म्हणा ना.

बाईंनी मुद्दाम केलं नव्हतं असं माझं मत आहे. सहा वर्षांपूर्वी सिनॉप्सिससाठी टिपणं काढताना ते पान वहीत उतरवून घेतलं, स्रोत लिहायचा राहिला, आणि पुढे स्वतःचंच टिपण समजून टाइप केलं. तरी विनियम हेतू विचारत नाहीत. मी सांगितलं की मूळ प्रबंध शोधा, एकदा वाचा, मिटा, दुसऱ्या दिवशी न बघता लिहा, आणि कुणाचं कोणत्या पानावरचं आहे ते वाक्यातच सांगा. दीड पानाच्या बाईंच्या हातून सतरा ओळी झाल्या. त्यात पहिल्यांदाच एक मतभेद होता, की त्या संशोधकाने हंगामी वसतिगृहांची पटसंख्या मोजली आहे, मुली किती दिवस टिकल्या हे मोजलेलं नाही. साम्य दहाच्या खाली गेलं. किती ते मी विचारलं नाही, आणि कमी करून देण्याची हमी मी कधीच देत नाही.

सहावं प्रकरण आणि माझी चूक

निष्कर्षांचं प्रकरण दोन पानांचं होतं. इतक्या मोठ्या क्षेत्रकामाला दोन पानं. बाईंनी सरळ विचारलं, “सर, वेगळे पैसे घ्या, पण हे तुम्ही लिहा. मी सांगते, तुम्ही उतरवा.”

‘मी सांगते, तुम्ही उतरवा’ यात काही गैर नाही असं पटकन वाटतं. सांगणं आणि उतरवणं यांच्या मधे मात्र वाक्य असतं, आणि प्रबंधात विचार वाक्यातच होतो हे आपण ‘त्यामुळे’च्या बाबतीत पाहिलं. मार्गदर्शकांची ती एक ओळ मी त्यांना परत पाठवली. त्याऐवजी ठरलं की मी प्रश्न विचारेन, त्या आपल्याच फोनवर उत्तरं ध्वनिमुद्रित करतील आणि मग लिहितील. तासभर बोललो. कोणत्या सारणीने तुम्हाला आश्चर्य वाटलं? जे सापडेल असं वाटलं होतं आणि सापडलं नाही ते काय? कोणत्या बाईचं बोलणं बाकी तेवीस जणींच्या विरुद्ध जातं? अशा प्रश्नांनी बाई सुटल्यासारख्या बोलल्या, आणि चार दिवसांत चौदा पानं आली, स्वतःच्या अडखळत्या भाषेत.

त्या चौदा पानांत एक ओळ माझी होती.

“मोठ्या मुलीवर धाकट्या भावंडांची जबाबदारी पडत असल्याने तिची शाळा प्रथम सुटते.” वाचताना ओळखीची वाटली. मागे जाऊन पाहिलं तर चौथ्या प्रकरणातल्या एका टीपेत मी विचारलं होतं: “मुलीच जास्त का सुटतात? धाकट्या भावंडांची जबाबदारी म्हणून का?” प्रश्नाच्या पोटात उत्तर घालून दिलं होतं. पहिला प्रश्न पुरेसा होता. दुसरा विचारताना मी संशोधक झालो होतो, आणि बाईंनी विश्वासाने तो निष्कर्ष म्हणून घेतला.

मी हे बाईंना सांगितलं आणि ती ओळ काढायला सुचवलं. त्यांना ते रुचलं नाही. “पण ते खरं आहे सर, मी रोज बघते.” असेल, पण तुमच्या माहितीत कुठे आहे? त्यांनी २४ मुलाखती पुन्हा चाळल्या. अकरा जणींच्या बोलण्यात ते आलं होतं, कुणी थेट, कुणी ओझरतं. बाईंनी ते कधी मोजलंच नव्हतं. मग अकरांचा आकडा आणि दोन अवतरणं देऊन तो मुद्दा प्रबंधात राहिला.

आता तो निष्कर्ष कुणाचा? पुरावा त्यांचा, ध्वनिमुद्रणं त्यांची, मोजदादही त्यांचीच. कुठे बघायचं ते मात्र मी सांगितलं. हेच मार्गदर्शकाने केलं असतं तर कुणाला काही वाटलं नसतं, कारण ते त्याचं कामच आहे. मी बाईंना हे मार्गदर्शकांच्या कानावर घालायला लावलं. ते म्हणाले, “पुरावा आहे ना, मग राहू द्या.” माझं समाधान झालं असं म्हणवत नाही. त्यानंतर मी टीपा पाठवण्याआधी एकदा फक्त प्रश्नचिन्हं वाचत जातो. ज्या प्रश्नात ‘म्हणून का’ आलं असेल तो खोडतो.

जमा करायच्या आधी ऋणनिर्देश वाचायला आला. त्यात माझ्याबद्दल लिहिलं होतं की यांनी “माझ्या विचारांना शब्दरूप दिले”. हे खरं असतं तर पदवी परत करावी लागली असती. बदलून घेतलं: “प्रबंधाचे मुद्रितशोधन व भाषिक तपासणी यांनी केली.” बाईंना ते कोरडं वाटलं. पण हा प्रबंध पुढे शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात, कुणीही उघडून वाचणार, तिथे केलेलं काम केलं तेवढंच लिहिलेलं बरं.

फाइल शेवटची परत आली तेव्हा त्यांनी माझे ४१ बदल नाकारलेले होते. बहुतेक नुसत्या सवयीच्या बाबी होत्या, मी ‘आणि’ सुचवलेला आणि त्यांनी ‘व’ परत आणलेला. एक मात्र वेगळा होता. सहाव्या प्रकरणात “मुलगी शाळेतून गळते असे म्हणणे बरोबर नाही, ती उचलली जाते” असं वाक्य होतं. ‘गळती’ हा शिक्षणखात्याचा रूढ शब्द आहे, म्हणून मी दुसऱ्या अर्ध्यावर ‘अर्थ स्पष्ट नाही’ अशी टीप टाकली होती. बाईंनी टीपेखाली उत्तर लिहिलं होतं: “सर, उचल नवरा-बायको मिळून घेतात. म्हणून उचलली जाते. तसंच राहू द्या.”